साडेतीनच्या आसपासचा आकडा

लग्न ठरलेलं एक जोडपं समुपदेशकासमोर बसलं आहे, असं समजू. एचपीएलसी तपासणीत मुलीचं ‘ए-टू’ हिमोग्लोबिन ५.२ टक्के आलं आहे. म्हणजे ती बीटा थॅलेसेमिया मायनर, वाहक. मुलाचं ३.३ टक्के आहे. साडेतीनपर्यंतचा आकडा सर्वसाधारण मानतात, म्हणून त्याच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलं आहे आणि घरचे निर्धास्त झाले आहेत.

समुपदेशक मात्र त्याचा सीबीसी मागते. लाल पेशींचा आकार सांगणारं एमसीव्ही ८० च्या वर हवं, ते ७० आहे. फेरिटिनही कमी, म्हणजे अंगात लोह कमी. लोह कमी असलं की ए-टू खाली उतरू शकतं आणि वाहकपणा त्याआड लपू शकतो. अलीकडे रक्त चढवलं असेल, तरीही हा आकडा फसवतो.

“हा रिपोर्ट अजून पुरा नाही,” ती सांगते. “लोहाच्या गोळ्या घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासता येईल. थांबायचं नसेल तर डीएनए तपासणी करता येईल.”

मुलाच्या आईला मुलीबद्दल काळजी वाटते: हिला आजार आहे का? नाही. वाहकाचं हिमोग्लोबिन थोडं कमी असू शकतं, पण त्यासाठी सहसा उपचार लागत नाहीत. हा जीन तिला आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून जन्मतःच मिळाला आहे. त्यात तिची किंवा त्यांची चूक कुठे आली? सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत वाहक जास्त आढळतात, पण इतरांना तपासणी नको असा त्याचा अर्थ नव्हे.

मुलाचा डीएनए रिपोर्ट येतो. तोही वाहक निघतो. आता शब्द जपून हवेत, पण लपवून नकोत. प्रत्येक गरोदरपणात बाळ थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची २५. पहिलं मूल निरोगी जन्मलं म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता बदलत नाही. मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि रक्तातून साठणारं लोह काढायला नियमित औषधं.

इतकं सांगून ती थांबते. लग्न करा किंवा मोडा, हे तिनं सांगायचं नसतं. लग्न झालं तर गर्भाची तपासणी करता येते: अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन. मात्र दोघांच्या जीनमधला नेमका बदल आधीच माहीत असावा लागतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डीएनएचे दोन्ही कागद घेऊन लगेच या, एवढं ती दोघांच्याही फाइलवर लिहून देते.