तक्त्याच्या डोक्यावरची ओळ

लेस्टरहून सुट्टीला पुण्यात आलेली लेक चार वर्षांच्या मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून दोन दिवस कोकणात जायला निघते, तेव्हा तापाच्या औषधाची बाटली ओट्यावर काढून ठेवते. बाटलीसोबत खोक्यातला कागदही असतो. आठ घड्यांचा, टिशूइतका पातळ, मुंगीएवढ्या अक्षरांचा आणि सगळा इंग्रजीत. आजीला तो चष्म्यानेही वाचता येत नाही. मग लेक मोबाइलने कागदाचा फोटो काढते, फोटोतला मजकूर उचलते आणि दोन रकान्यांची मराठी यादी करून स्वयंपाकघरात चिकटवते. डावीकडे वय, उजवीकडे किती द्यायचे.

काम अर्ध्या तासाचे आहे. पण त्यात चुकण्याच्या जागा ठरावीक आहेत, आणि त्या माहीत असल्या तर यादी खरेच उपयोगी होते.

पहिली अडचण कागदाचीच. औषधाचे माहितीपत्रक दोन्ही बाजूंनी छापलेले असते आणि कागद इतका पातळ, की मागची अक्षरे पुढे झिरपून दिसतात. डोळा त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, मोबाइल करत नाही. उपाय साधा आहे: कागदाखाली काळा कागद किंवा काळे कापड ठेवायचे, म्हणजे मागची छपाई पुसट होते. घड्या मोडण्यासाठी कागद रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावा. फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीजवळच्या उजेडात मोबाइल कागदाला समांतर धरावा आणि पूर्ण कागदाचा एकच फोटो न काढता एकेका घडीचा जवळून फोटो घ्यावा. तक्ता मात्र एकाच फोटोत अखंड यायला हवा. अर्धा तक्ता एका फोटोत आणि अर्धा दुसऱ्यात गेला, की कुठली ओळ कुठल्या वयाची हे पुढे अंदाजाने ठरवावे लागते.

आता फोटोतला मजकूर. गूगल लेन्ससारखी सोय अक्षरे ओळखते, पण तक्त्याच्या रेघांचा अर्थ तिला दर वेळी कळतोच असे नाही. कधी ती आधी सगळी वये वाचते आणि मग सगळी मापे. मधली एक चौकट निसटली, तर त्यापुढचे प्रत्येक माप एक घर वर सरकते. दुसरा धोका दशांशचिन्हाचा. कागदावरचा तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढा असतो आणि नेमक्या घडीवर आला की नाहीसा होतो. अडीच मिलीचे पंचवीस होतात. तळटीपेचा छोटा आकडा मापाला चिकटला, तर पाचाचे एक्कावन्न होतात.

या चुका पकडायला तक्त्याची स्वतःची चाल उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉल सस्पेन्शनच्या पत्रकातला तक्ता घेतला, तर त्याची यादी अशी होते:

| पॅरासिटामॉल, ५ मिलीत १२० मिलिग्रॅम | एका वेळी |
|---|---|
| ३ ते ६ महिने | २.५ मिली |
| ६ महिने ते २ वर्षे | ५ मिली |
| २ ते ४ वर्षे | ७.५ मिली |
| ४ ते ६ वर्षे | १० मिली |
| सर्व वयांना | दोन मात्रांत किमान ४ तास. २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा |

वय वाढते तसे माप चढत जाते, आणि प्रत्येक पायरी अडीच मिलीची आहे. पहिल्या ओळीत २५ आले आणि दुसऱ्या ओळीत ५, तर काहीतरी बिघडले हे आकडेमोड न करताही दिसते. मूळ पत्रकात ‘किती वेळा’ हा तिसरा रकाना असतो. दोन रकान्यांत बसवताना तो गळून जाण्याची भीती असते, म्हणून वर त्याला शेवटची वेगळी ओळ दिली आहे. ती नसेल, तर ही यादी वापरू नये.

तीन महिन्यांखालच्या बाळाची ओळ वरच्या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. पत्रकात त्या चौकटीत आकडा एकटा नसतो, सोबत अटी असतात: ताप लसीनंतरचा आहे की दुसऱ्या कारणाचा, बाळाचे वजन ४ किलोंपेक्षा जास्त आहे का, ते ३७ आठवडे भरल्यानंतर जन्मले का. एवढ्या अटी उजव्या रकान्यात कोंबल्या, तर रात्री दोन वाजता घाईत वाचणारा माणूस फक्त आकडा वाचेल. अशा ओळीसमोर ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच लिहिणे योग्य.

आता यादीतल्या सर्वांत महत्त्वाच्या ओळीकडे यायचे. ती तक्त्यात नसते. ती तक्त्याच्या डोक्यावर किंवा पत्रकाच्या पहिल्या पानावर, औषधाच्या नावाशेजारी असते: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. फोटोतून तक्ता कापून घेताना नेमकी हीच ओळ बाहेर राहते.

तिच्याविना काय होते ते हिशेबाने पाहता येते. १२० भागिले ५, म्हणजे एका मिलीत २४ मिलिग्रॅम औषध. चार वर्षांच्या नातवाला १० मिली दिले, तर पोटात २४० मिलिग्रॅम जाते. लहान मुलांना पॅरासिटामॉल साधारण एका किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात, आणि १६ किलोच्या मुलाचे ते बरोबर २४० होतात. यादी चोख आहे. पण दुसऱ्या रात्री लेस्टरची बाटली संपते. आजोबा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पॅरासिटामॉलचीच बाटली आणतात. तिच्यावर ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’ असे छापलेले असते, कारण आपल्याकडे या औषधाचे हे दुप्पट तीव्रतेचे सस्पेन्शनही सर्रास मिळते. यादी तीच, माप तेच १० मिली, पण आता पोटात ५०० मिलिग्रॅम जाणार. तान्ह्या बाळांसाठी मिळणारे थेंबांचे औषध तर याहून तीव्र असते. त्याच्या अनेक बाटल्यांत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असते. त्याचे १० मिली म्हणजे १००० मिलिग्रॅम.

यात कुणाचा आकडा चुकलेला नाही. फोटो स्वच्छ होता, मजकूर बरोबर उचलला होता, भाषांतर ठीक होते. फक्त मिली हे पाण्याचे माप आहे आणि मिलिग्रॅम हे औषधाचे, आणि त्या दोघांना जोडणारी ओळ यादीत नव्हती. पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृताला इजा होते, आणि ती लगेच दिसत नाही. मूल हसत-खेळत असले तरी मात्रा जास्त गेल्याचे कळताच डॉक्टरांकडे न्या, असे पत्रकात ठळक अक्षरांत छापलेले असते ते त्यामुळेच. यादीत तेही एक वाक्य यायला हवे.

पत्रकाच्या शेवटी महिना आणि वर्ष असते. तेही यादीच्या तळाशी उतरवावे, कारण तक्ते बदलतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये याच औषधाचे वयोगट बारीक केले. त्याआधी मोठमोठे गट होते आणि एकाच गटात मापही ‘इतके ते तितके’ असे असायचे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा फोटो कुठल्या काळातला आहे, हे त्या तारखेशिवाय कळणार नाही.

मराठीत उतरवताना दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक म्हणजे ‘चमचा’ हा शब्द. चहाचा, पोह्यांचा, आमटीचा, घरातला प्रत्येक चमचा वेगळा. उजव्या रकान्यात मिलीच लिहावे आणि सोबत खोक्यातली खुणांची पिचकारी किंवा मापाचे टोपण ठेवावे. दुसरी गोष्ट आकड्यांची. मराठीतला एक आणि इंग्रजीतला नऊ यांची वळणे इतकी जवळची आहेत, की घाईत लिहिलेल्या यादीत एकाचा दुसरा होतो. दोन्ही लिप्यांचे आकडे एका यादीत मिसळू नयेत. वाचणाऱ्याच्या सवयीचे जे असतील ते सगळीकडे वापरावेत.

दुष्परिणामांच्या यादीत आकड्यांपेक्षा क्रमाने फसायला होते. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, यांच्या ब्रिटिश पत्रकात दुष्परिणामांच्या सुरुवातीलाच लॅक्टिक ॲसिडोसिस हे नाव येते. ते पहिले येते कारण ते जिवावरचे आहे; प्रत्यक्षात ते दहा हजारांत एकापेक्षाही कमी जणांना होते. वरच्या चार ओळी उचलून ‘नेहमीचे दुष्परिणाम’ म्हणून लिहिल्या, तर आजोबा घाबरून गोळीच बंद करतील. उलट, नेहमीचेच हवेत म्हणून ते नाव वगळले, तर ज्या लक्षणांना तातडीने दवाखाना गाठायचा ती यादीतून जातील.

पत्रकातल्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो. ‘अगदी नेहमीचे’ म्हणजे शंभरात दहापेक्षा जास्त लोकांना होणारे. ‘नेहमीचे’ म्हणजे शंभरात एक ते दहा. मग हजारात एक ते दहा, दहा हजारांत एक ते दहा, आणि शेवटी त्याहूनही दुर्मीळ. पत्रकात हे ‘दहापैकी एकापेक्षा जास्त’ आणि ‘दहापैकी एकापर्यंत’ अशा शब्दांत असते. फोटोतून उचलताना ‘एकापर्यंत’ आणि ‘एकापेक्षा जास्त’ यांची गल्लत झाली, तर गट बदलतो. ‘दहा हजारां’मधली शून्ये पुढच्या ओळीवर गेली, तर दुर्मीळ त्रास रोजचा होऊन बसतो.

मेटफॉर्मिनची यादी म्हणून दोन भागांत करावी. वर चौकटीत: उलट्या आणि पोटदुखीसोबत पायात गोळे, खूप थकवा, श्वास घ्यायला त्रास – फार क्वचित, पण गोळी थांबवून लगेच दवाखान्यात. खाली दोन रकाने. डावीकडे मळमळ, उलटी, जुलाब, पोटात दुखणे, भूक मंदावणे, उजवीकडे ‘शंभरात दहापेक्षा जास्त जणांना, बहुधा सुरुवातीच्या दिवसांत, गोळी जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी’. त्याखाली डावीकडे तोंडाची चव बदलणे आणि बी-१२ कमी होणे, उजवीकडे ‘शंभरात एक ते दहा जणांना, डॉक्टरांना सांगावे’. मळमळ आणि उलटी दोन्हीकडे दिसतात, म्हणून वरच्या चौकटीत सोबतची लक्षणे लिहिल्याशिवाय फरक कळत नाही.

यादी पूर्ण झाली की ती फोटोशी नव्हे, कागदाशी ताडून पाहायची. एकाने भिंग घेऊन मूळ पत्रकातला आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीवर टिचकी मारायची. ज्याने यादी लिहिली त्यानेच तपासली, तर स्वतःची चूक त्याला दिसत नाही. शेवटी बाटलीच्या लेबलवरची तीव्रता यादीच्या पहिल्या ओळीशी जुळवायची, आणि ती जुळवणी दर नव्या बाटलीला. पुण्यातल्या त्या स्वयंपाकघरात आजोबांनी २५०ची बाटली आणली तेव्हा करायचे काम एवढेच होते: जुनी यादी भिंतीवरून काढायची, आणि नव्या बाटलीचे माप डॉक्टरांना विचारून पहिल्या ओळीपासून दुसरी लिहायची.