खाते बंद केले, पण बँकेतल्या आधार-पॅनच्या प्रतींचे काय?

खाते बंद करताना बँक चेकबुक आणि डेबिट कार्ड परत मागते. तुम्ही दिलेल्या आधार-पॅनच्या झेरॉक्स मात्र तिथेच राहतात. ‘माझी सगळी कागदपत्रे नष्ट करा’ असे पत्र दिले, तर ‘नियमात बसत नाही’ एवढेच उत्तर मिळते. ते बऱ्याच अंशी खरेही असते.

मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे बँकेला पाच वर्षे जपावी लागतात. खाते बंद होणे किंवा बँकेशी असलेले व्यवहाराचे नाते संपणे, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून ही पाच वर्षे मोजतात. गोम इथेच आहे. समजा, बचत खाते 10 मार्च 2026 रोजी बंद केले, पण त्याच बँकेतली एफडी सप्टेंबर 2027 मध्ये संपते. मग मुदत मार्च 2031 ऐवजी सप्टेंबर 2032 पर्यंत जाते. त्यामुळे आधी त्या बँकेत एफडी, लॉकर असे काही उरले आहे का, ते तपासा.

पत्रात ‘पुसा’ म्हणण्याऐवजी ‘वेगळे करून सांगा’ म्हणावे. मजकूर साधारण असा:

‘माझे खाते (शेवटचे चार अंक ....) दि. .... रोजी बंद झाले. माझ्या ओळखपत्रांच्या कोणत्या प्रती, कागदी व स्कॅन, आपल्याकडे आहेत? त्यांतील कोणत्या, कोणत्या कायद्याखाली व कोणत्या तारखेपर्यंत ठेवणे बंधनकारक आहे? उरलेल्या प्रती, म्हणजे दुबार झेरॉक्स, शाखेच्या ई-मेलवर पाठवलेली छायाचित्रे, विमा विक्रीसाठी घेतलेल्या प्रती, नष्ट करून तसे लेखी कळवावे.’

खरी जागा या शेवटच्या वाक्यात आहे. घाईत साहेबांच्या व्हॉट्सअॅपवर टाकलेला आधारचा फोटो केवायसीच्या फाइलबाहेरही फिरत असू शकतो. पत्रासोबत आधारची नवी प्रत मात्र जोडू नका. शाखेने ओळख पटवायला मागितलीच, तर आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या आणि तिच्यावर तारीख व कारण लिहा.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असले, तरी हा हक्क त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतो. शिवाय दुसऱ्या कायद्याने जपायला सांगितलेली कागदपत्रे त्यातून वगळली आहेत. केंद्रीय केवायसी नोंदणीत गेलेली माहितीही शाखेने आपली फाइल नष्ट केल्याने पुसली जात नाही.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तेव्हा हीच शिक्क्याची प्रत लागते.