कंट्रोलच्या नळीत शून्यच यायला हवं?

यीस्टच्या श्वसनाचं प्रात्यक्षिक झालं की जर्नलमध्ये एक ओळ हमखास सापडते: ‘कंट्रोल (यीस्ट + पाणी): 0 मिली’. बहुतेक वेळा हे शून्य मोजलेलं नसतं. सिरिंजचा दट्ट्या थोडा सरकलेला मुलांना दिसलेला असतो, पण ‘साखर नाही तर वायू कुठून येईल, चुकलं असेल, शून्य लिहा’ असं सांगून तो आकडा खोडला जातो. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आहे आणि तो साफ चूक आहे. ज्या आकड्यावर सगळ्या प्रयोगाचा अर्थ टेकलेला, नेमका तोच आपण पुसून टाकतो.

साखर न घालताही वायू येतो, कारण यीस्टचे दाणे उपाशी पोटी आलेले नसतात. त्यांच्या पेशींत ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज या कर्बोदकांचा साठा असतो. सुकं यीस्ट वाळूनही जिवंत राहतं ते बऱ्याच अंशी ट्रेहॅलोजमुळेच. कोमट पाणी मिळताच पेशी हा साठा वापरू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

वायू दिसण्याचं दुसरं कारण जीवशास्त्रातलं नाहीच. नळीत द्रावणाच्या वर 20 मिली हवा आहे आणि ती नळी आपण 25 अंशांच्या खोलीतून 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवली, तर हवेचं प्रसरण आणि वाढलेली पाण्याची वाफ मिळून सुमारे दीड मिली वाढ होते. यीस्टचा एक कणही नसला तरी दट्ट्या तेवढा सरकणारच.

म्हणजे ‘कंट्रोल’ ही एक नळी नव्हे. जितक्या शंका, तितके कंट्रोल. एक मांडणी आकड्यांसह पाहू. 5 ग्रॅम सुकं यीस्ट 100 मिली कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. प्रत्येक नळीत हे मिश्रण 10 मिली आणि शर्करेचं 5 टक्के द्रावण 10 मिली घाला. बिनसाखरेच्या नळीत शर्करेच्या जागी 10 मिली पाणी आणि बिनयीस्टच्या नळीत यीस्टच्या जागी 10 मिली पाणी, म्हणजे सगळीकडे द्रावण 20 मिलीच आणि वरची हवाही सारखीच राहील. बूच लावून नळी सिरिंजला जोडा, वॉटर बाथमध्ये ठेवा आणि अर्ध्या तासाने वाचन घ्या. समजा, ग्लुकोजच्या नळीत 18 मिली आले, लॅक्टोजच्या नळीत 3, यीस्ट आणि पाण्याच्या नळीत 3, आणि ग्लुकोज घातलेल्या बिनयीस्टच्या नळीत 1.5.

आता शेवटचे दोन आकडे झाकून ठेवा. लॅक्टोजबद्दल काय लिहाल? ‘थोडा वायू तयार झाला.’ ते दोन आकडे उघडले की कळतं, लॅक्टोजपासून वायू मुळीच आला नाही. त्या 3 मिलींपैकी दीड मिली तापलेल्या हवेचे आणि दीड यीस्टच्या स्वतःच्या साठ्याचे. ग्लुकोजमुळे आलेली वाढ 18 वजा 3, म्हणजे 15 मिली. इथे काही जण 3 वजा करून वर आणखी 1.5 वजा करतात. तसं करू नका, 3 मध्ये हवेचं प्रसरण आधीच आलेलं आहे. या वजाबाकीलाही मर्यादा आहे: भरपूर ग्लुकोज मिळाल्यावर पेशी आपला साठा कमी मोडतात, त्यामुळे 15 हा आकडा काटेकोर न मानता अंदाजाचा मानावा.

लॅक्टोजच्या नळीत काही घडलं नाही, हे तरी खात्रीने म्हणता येतं का? ते ग्लुकोजच्या नळीमुळे म्हणता येतं. तिथे वायू आला म्हणजे यीस्ट जिवंत होतं. प्रत्येक बूच गळत नाही ना, हे मात्र वेगळं तपासायला हवं: दट्ट्या थोडा आत दाबून सोडला की तो मूळ जागी परत यायला हवा. याहून घट्ट पुरावा हवा असेल, तर एका नळीत लॅक्टोज आणि ग्लुकोज दोन्ही घाला. तिथे ग्लुकोजच्या नळीइतकाच वायू आला, तर लॅक्टोज यीस्टला त्रास देत नाही हेही ठरतं.

मग येतो पाठोपाठचा गैरसमज: ‘लॅक्टोजमध्ये ऊर्जा कमी असते.’ तसं नाही. बेकरीच्या यीस्टकडे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीकडे, लॅक्टोज पेशीत घेणारं प्रथिनही नाही आणि ते तोडणारं लॅक्टेज हे विकरही नाही. सुक्रोजचं विकर, इन्व्हर्टेज, मात्र पेशीपटलाच्या बाहेरच हजर असतं, म्हणून साधी साखर ग्लुकोजच्या जवळपास वेगाने वापरली जाते. हे दाखवायचं असेल तर दूध न पचणाऱ्यांसाठी मिळणारे लॅक्टेजचे थेंब लॅक्टोजच्या नळीत घाला आणि ती थोडा वेळ कोमट ठेवून मग यीस्ट मिसळा. वायू येऊ लागेल. पण यालाही स्वतःचा कंट्रोल लागतो: यीस्ट, पाणी आणि तितकेच थेंब, लॅक्टोज नाही. थेंबांत इतर घटक असतात आणि यीस्ट त्यांवरही जगू शकतं. लॅक्टोज तुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज बनतं. गॅलॅक्टोजची विकरं तयार व्हायला यीस्टला वेळ लागतो, तेव्हा अर्ध्या तासात मुख्यतः ग्लुकोजचाच वायू दिसेल.

कंट्रोलसाठी ‘मेलेलं यीस्ट’ म्हणून कुटलेलं किंवा जुनं यीस्ट वापरणाऱ्यांनी एडुआर्ड बुकनर आठवावा. यीस्ट वाळूबरोबर घोटून काढलेल्या, पेशी नसलेल्या रसातही साखरेचं किण्वन होतं, हे त्याने 1897 मध्ये दाखवलं आणि त्यासाठी 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. म्हणजे पेशी मरणं पुरेसं नाही, विकरं निकामी व्हायला हवीत. दहा मिनिटं उकळा आणि 37 अंशांपर्यंत थंड करूनच नळीत घाला.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ‘यीस्ट जागं करायला आधी चिमूटभर साखर घाला’: मग बिनसाखरेची नळी बिनसाखरेची राहतच नाही. ‘बूच सैल ठेवलं की ऑक्सिजनयुक्त श्वसन होतं’: भरपूर ग्लुकोज असेल तर हे यीस्ट ऑक्सिजन असतानाही मुख्यतः किण्वनच करतं, त्याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात आणि डी डेकेन यांचा 1966 चा यीस्टवरचा शोधनिबंध त्यावरच आहे. ‘शर्करा मोलमध्येच समान घ्यायला हव्यात’: वेग मोजताना तसं न केल्याने फारसं बिघडत नाही, कारण नळीतल्या अर्ध्या ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त सुमारे 140 मिली वायू येऊ शकतो आणि अर्ध्या तासात आपण तिथवर पोचतच नाही. ‘गूळ ही एक शर्करा’: गूळ म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षार यांचं मिश्रण, तुलनेला निरुपयोगी. ‘चुन्याची निवळी जितकी दुधाळ, तितका वायू जास्त’: वायू जास्त झाला की निवळी पुन्हा नितळ होते, म्हणून ती फक्त ओळख पटवायला वापरा. आणि एकाच नळीची तीन वाचनं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्यासाठी वेगळ्या भरलेल्या तीन नळ्या लागतात.

तासिकेत एवढ्या नळ्या बसत नाहीत, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तेव्हा एखादी शर्करा गाळा, फ्रुक्टोज नाही केलं तरी चालेल. कंट्रोल गाळू नका, आणि त्यात आलेला आकडा आला तसाच लिहू द्या.