एकतीस तारीख कुठे हरवते?

आमच्या ओळखीच्या एका महिला बचत गटाने ३१ जानेवारी २०२४ रोजी एका सभासद ताईंना साठ हजार रुपयांचं कर्ज दिलं. मुद्दल चोवीस हप्त्यांत फेडायचं, दर महिन्याला अडीच हजार, आणि तारीख कर्ज दिलं तीच. फेब्रुवारीसारख्या महिन्यात ती नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. एवढंच ठरलं होतं. हप्त्यांचं वेळापत्रक मी एक्सेलमध्ये करून दिलं. वर्षभर कुणाची तक्रार नव्हती. मार्च २०२५ मध्ये मात्र ताईंच्या हप्त्यापुढे ‘तीन दिवस उशीर’ असं आलं आणि रोजचे दहा याप्रमाणे तीस रुपये दंड लागला. ताई म्हणाल्या, “मी तर एकतीसलाच भरले. ठरलं होतं तेच केलं ना?” त्यांचं बरोबर होतं. चूक मी लिहिलेल्या सूत्रात होती.

तारीख एक महिना पुढे नेण्यासाठी स्प्रेडशीटमध्ये EDATE नावाचं फंक्शन आहे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: मूळ तारीख आणि किती महिने सरकायचं तो आकडा. आकडा उणे दिला तर तारीख मागे जाते. एक्सेल, गुगल शीट्स आणि लिब्रे-ऑफिस या तिन्हींत ते याच नावाने आहे. मी वरच्या रांगेतल्या तारखेत एक महिना मिळवायचा आणि तेच सूत्र खाली ओढायचं, असं केलं होतं:

```
=EDATE(B2,1)
```

३१ जानेवारीच्या पुढचा महिना फेब्रुवारी. त्यात ३१ तारीख नाही, म्हणून EDATE महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबतं. २०२४ लीप वर्ष असल्याने उत्तर आलं २९ फेब्रुवारी. इथवर ठीक. पण तिसऱ्या रांगेला फक्त दुसरी रांग दिसते. तिच्या दृष्टीने मूळ तारीख २९ आहे, म्हणून तिने २९ मार्च दिला, पुढच्या रांगेने २९ एप्रिल. हे असं जानेवारी २०२५ पर्यंत चाललं. मग साधा, अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी आला आणि २९ ची २८ झाली. तिथून पुढे सगळे महिने २८ वर. शेवटचा, चोविसावा हप्ता ३१ जानेवारी २०२६ ला यायला हवा होता. माझ्या तक्त्यात तो २८ जानेवारीला होता.

या गळतीचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्प्रेडशीट तारखेला दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात साठवतं. ३१ जानेवारी २०२४ म्हणजे एक्सेलसाठी ४५३२२, आणि २९ फेब्रुवारी म्हणजे ४५३५१. (सूत्र लिहिल्यावर तारखेऐवजी असा पाच आकडी क्रमांक दिसला तर घाबरू नये. उत्तर बरोबर असतं, सेलला तारखेचं स्वरूप दिलेलं नसतं.) ४५३५१ या क्रमांकात ‘मी खरी एकतीस होते, फेब्रुवारीने मला तोडलं’ ही नोंद कुठेच नसते. म्हणूनच एक महिना पुढे जाऊन एक महिना मागे आलं तरी आपण घरी पोचत नाही: ३१ जानेवारी २०२५ वरून २८ फेब्रुवारी, आणि तिथून मागे फिरलं की २८ जानेवारी.

यावर उपाय एकच. साखळी तोडायची आणि प्रत्येक हप्ता थेट मूळ तारखेपासून मोजायचा. कर्जाची तारीख B1 मध्ये, हप्त्याचे क्रमांक १ ते २४ A3 पासून खाली, आणि B3 मध्ये हे सूत्र:

```
=EDATE($B$1,A3)
```

डॉलरच्या चिन्हांमुळे सूत्र खाली ओढलं तरी B1 जागचा हलत नाही. आता दुसरा हप्ता ‘मूळ तारखेपासून दोन महिने’ असा मोजला जातो, फेब्रुवारीत काय झालं याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. २९ फेब्रुवारीनंतर ३१ मार्च, मग ३० एप्रिल, मग ३१ मे.

मूळ तारखेचे तुकडे करून महिन्यात हप्त्याचा क्रमांक मिळवायची, म्हणजे DATE, YEAR, MONTH, DAY वापरायची जुनी रीत अनेकांच्या हातात बसलेली आहे. इथे ती जास्तच महागात पडते. ‘३१ फेब्रुवारी २०२४’ मागितलं की DATE थांबत नाही, उरलेले दोन दिवस पुढे ढकलून २ मार्च देतं. पुढचा हप्ता ३१ मार्च. म्हणजे फेब्रुवारी कोरा आणि मार्चमध्ये दोन हप्ते.

आता दुसरी गोष्ट. समजा कर्ज ३० एप्रिलला दिलं आणि ‘महिनाअखेरीला हप्ता’ असं ठरलं. इथे EDATE मूळ तारखेपासून मोजूनही चुकतं, कारण ते ३० मे देईल आणि मे ३१ चा आहे. महिनाअखेरीसाठी वेगळं फंक्शन आहे, EOMONTH. तारीख कुठलीही द्या, ते तेवढे महिने सरकून त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच उतरतं:

```
=EOMONTH($B$1,A3)
```

महिन्यांच्या जागी शून्य दिलं तर चालू महिन्याची अखेर मिळते. उणे एक देऊन उत्तरात १ मिळवला तर चालू महिन्याची एक तारीख.

सूत्र निवडण्याआधी एक प्रश्न माणसांनाच विचारावा लागतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला दिलेल्या कर्जाचा पुढचा हप्ता कधी, २८ मार्चला की ३१ ला? तारखेकडे पाहून हे कळत नाही. मूळ तारीख महिनाअखेर असेल तर EOMONTH, नाहीतर EDATE, असं IF लावून आपोआप ठरवणारे तक्ते मी पाहिले आहेत. मला ते पटत नाहीत. गटाने ‘दर अठ्ठावीसला’ म्हटलेलं असताना यंत्राने महिनाअखेर गृहीत धरणं ही माझ्या पहिल्या चुकीइतकीच चूक आहे. कागदावर काय लिहिलंय ते पाहावं आणि दोन्हींपैकी एक फंक्शन लावावं.

महिनाअखेर हाताशी आली की पुढच्या महिन्यातली ठरावीक तारीख काढणं सोपं होतं. खासगी व्यावसायिकाने कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चमधला मात्र ३० एप्रिलपर्यंत, हा बऱ्याच वर्षांचा नियम. कापल्याची तारीख A2 मध्ये असेल तर:

```
=IF(MONTH(A2)=3,EOMONTH(A2,1),EOMONTH(A2,0)+7)
```

हे सगळं चालण्यासाठी सेलमध्ये खरी तारीख असावी लागते. बँकेच्या फाइलमधून चिकटवलेली तारीख पुष्कळदा नुसता मजकूर असते. कधी सूत्र #VALUE! देतं आणि लगेच कळतं. पण 03/04/2025 हे संगणकाच्या मांडणीप्रमाणे ३ एप्रिलऐवजी ४ मार्च वाचलं गेलं तर काहीच लाल होत नाही. ISNUMBER ने मजकूर सापडतो. उलटसुलट वाचलेली तारीख सापडण्यासाठी स्वरूप बदलून महिना अक्षरांत दाखवावा आणि डोळ्यांनी पाहावं.

ताईंचा तक्ता दुरुस्त केल्यावर मी शेजारी एक तपासणीचा रकाना जोडला:

```
=DAY(B3+1)=1
```

उद्या एक तारीख असेल तर आज महिनाअखेर, इतकाच त्याचा अर्थ. ३१ तारखेच्या कर्जाला प्रत्येक रांगेत TRUE यायला हवं. जुन्या तक्त्यावर तोच रकाना लावला तर दोन फेब्रुवारी वगळता सगळीकडे FALSE आलं. गटाच्या पुढच्या बैठकीत तो कागद दाखवला, तीस रुपये परत झाले आणि वहीत दंडाच्या नोंदीवर रेघ मारून बाजूला अध्यक्षांची सही घेतली.