सत्तर वाटण्या

बी.एस्सी.च्या वर्गात टी-टेस्टचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मी मुलांच्या हातात आठ चिठ्ठ्या देतो. चिठ्ठ्यांवरचे आकडे त्यांचेच असतात. वर्गातली आठ मुलं घ्यायची आणि चिठ्ठ्या काढून त्यांचे चार-चारचे दोन गट पाडायचे. वीस शब्दांची एकच यादी एका गटाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने शेजारच्या खोलीत मनातल्या मनात. थोड्या वेळाने यादी काढून घ्यायची आणि आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगायचे.

एका वर्गात मोठ्याने वाचणाऱ्यांना ९, १२, १३ आणि १४ शब्द आठवले. मनात वाचणाऱ्यांना ७, ८, १० आणि ११. सरासरी १२ आणि ९, म्हणजे फरक तीन शब्दांचा. ‘मोठ्याने वाचलेलं जास्त लक्षात राहतं, दिसतंच आहे की सर,’ असं एक मुलगी म्हणाली. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘पण चौदावाला मुळातच पाठांतरात पक्का आहे. तो दुसऱ्या गटात गेला असता तर?’

सगळी परम्युटेशन टेस्ट या एका प्रश्नात आहे. वाचण्याच्या पद्धतीने काहीच फरक पडत नाही असं घटकाभर धरून चालू. मग तो मुलगा कुठल्याही गटात गेला असता तरी त्याला १४च शब्द आठवले असते. आकडा मुलाचा, गट मात्र चिठ्ठीने ठरलेला. तेव्हा आठही आकडे एकत्र करायचे, पत्त्यांसारखे पिसायचे, चार उजवीकडे आणि चार डावीकडे वाटायचे आणि सरासरीतला फरक पुन्हा काढायचा. जोड्याजोड्यांनी मुलं हेच करत राहतात. आलेल्या प्रत्येक फरकासाठी फळ्यावरच्या रेषेवर एक टिंब. हळूहळू शून्याच्या आसपास टिंबांची गर्दी होते आणि तीनच्या पलीकडे क्वचितच एखादं पडतं. फळ्यावरचा तो उंचवटा मुलांनी स्वतः उभा केलेला असतो, म्हणून तो कशाचा आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

आकडे कमी असल्यामुळे पुढे नेमकं मोजताही येतं. आठांतून चार निवडण्याचे मार्ग ७०. आठ आकड्यांची बेरीज ८४, त्यामुळे फरक तीन किंवा जास्त यायचा तर उजवीकडच्या चौघांची बेरीज निदान ४८ हवी. अशा वाटण्या शोधा म्हटलं की मुलं वरच्या टोकापासून सुरुवात करतात: ११-१२-१३-१४, मग १०-१२-१३-१४, मग १०-११-१३-१४ आणि आपली ९-१२-१३-१४. बस, चारच. ७० पैकी ४, म्हणजे ०.०५७. हीच पी-व्हॅल्यू: पद्धतीचा काही परिणाम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ वाटणीमुळे पडण्याची शक्यता.

रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ सालच्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’मधला चहाचा प्रयोग याच हिशोबाचा आहे. आठ कप, चारांत दूध आधी ओतलेलं, चारांत चहा आधी. चव घेऊन सगळे कप निव्वळ नशिबाने बरोबर ओळखण्याची शक्यता ७० मध्ये एक.

आता हेच आकडे टी-टेस्टच्या सूत्रात घालू. टी येतो २.१२. सहा स्वातंत्र्यमात्रांना कोष्टकातली एकतर्फी पाच टक्क्यांची सीमा १.९४३, म्हणजे फरक ‘सार्थ’ ठरला. मोजणीने मात्र पाच टक्क्यांची सीमा थोडक्यात हुकली होती. असं का? कोष्टक गुण प्रसामान्य वक्रातून आले आहेत असं धरून चालतं, आणि ते तपासायला आठ आकडे फारच अपुरे. मोजणीला त्या वक्राची गरज नाही. गट खरोखर चिठ्ठ्या काढून पाडले होते, एवढंच तिला पुरतं. म्हणून इतक्या छोट्या गटांत मी मोजणीवर विसंबतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. फरकाची दिशा आकडे पाहण्याआधी ठरवायची. ती ठरवली नसेल तर उलट्या बाजूच्या चार वाटण्याही धरायच्या, म्हणजे ७० पैकी ८. दुसरी गोष्ट पिसण्याची. एकाच मुलाने दोन वेगवेगळ्या याद्या दोन्ही पद्धतींनी वाचल्या असतील तर सगळे आकडे एकत्र पिसणं चूक. अदलाबदल त्या मुलाच्या दोन आकड्यांतच करायची. प्रयोगात वाटणी जशी झाली तशीच पिसताना व्हायला हवी.

गट वीस-वीसचे झाले की वाटण्यांची संख्या तेरा हजार कोटींच्या वर जाते. तिथे संगणकाकडून दहा हजार वेळा पिसून घेतलं की काम भागतं.

वर्गात करून पाहणार असाल तर गट चार-चारहून लहान ठेवू नका. तीन-तीनच्या गटांत वाटण्या फक्त २० होतात, आणि निकाल कितीही चांगला लागला तरी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली उतरू शकत नाही.