डॉलरमध्ये तोटा, रुपयांत नफा

हिंजवडीतल्या एका अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या अभियंता बाईंचे उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित असले तरी असा हिशेब पुण्यात दर जुलैला असंख्य घरांत मांडला जातो. ऑगस्ट 2021मध्ये कंपनीने त्यांच्या नावावर मूळ अमेरिकी कंपनीचे 100 शेअर जमा केले. त्या दिवशी एका शेअरचा भाव 50 डॉलर होता. 18 ऑक्टोबर 2024 रोजी त्यांनी ते सगळे विकले, तेव्हाही भाव 50 डॉलरच होता. तीन वर्षांत एका सेंटचाही फायदा झाला नाही, मग विवरणपत्रात दाखवायचे काय, असा त्यांचा समज.

समज साफ चुकीचा. भारतात राहणाऱ्या माणसाचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते आणि आयकराचा हिशेब रुपयांत होतो. शेअर मिळाले तेव्हा डॉलर, सोयीसाठी पूर्णांकात, 74 रुपयांचा धरू. म्हणजे त्या दिवशी त्यांना 3,70,000 रुपयांची वस्तू मिळाली. ही रक्कम कंपनीने पगाराचाच भाग धरली, फॉर्म 16मध्ये दाखवली आणि तिच्यावर कर कापला. विक्रीच्या वेळी डॉलर 83 रुपये धरला तर हातात आले 4,15,000. फरक 45,000 रुपयांचा. हा सगळा विनिमयदराने दिलेला नफा आहे, पण आयकर कायद्यात त्याला वेगळे खाते नाही. तो भांडवली नफ्याच्या पोटातच मोजला जातो.

शेअर भारतीय बाजारात नोंदलेला नसल्यामुळे तो 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवला की नफा दीर्घकालीन ठरतो. 23 जुलै 2024पासूनच्या विक्रीवर त्याचा दर साडेबारा टक्के आहे. 45,000वर 5,625 रुपये कर आणि 4 टक्के उपकराचे 225, असे 5,850 रुपये होतात. भारतीय शेअरबाजारातल्या दीर्घकालीन नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते.

आता भाव थोडा खाली ओढून पाहू. समजा, शेअर 45 डॉलरना विकले गेले. अमेरिकी दलालाच्या खात्यात 500 डॉलरचा तोटा लाल अक्षरांत दिसेल. रुपयांत मात्र विक्री 3,73,500 आणि किंमत 3,70,000, म्हणजे 3,500 रुपयांचा नफा आणि त्यावर कर.

डॉलरमधला नफा किंवा तोटा आधी काढून तोच आकडा एका दराने रुपयांत आणावा, असाही युक्तिवाद काही जण करतात. पगारात मिळालेल्या शेअरच्या बाबतीत तो टिकणे अवघड आहे. ज्या रुपयांवर पगार म्हणून कर भरला तीच रक्कम विक्रीच्या वेळी खरेदी किंमत धरायची, असे 1961च्या कायद्याचे कलम 49 सांगते. किंमत रुपयांत ठरूनच गेलेली आहे, ती पुन्हा डॉलरमध्ये नेता येत नाही. म्हणून फॉर्म 16सोबतचे पगारेतर लाभांचे पत्रक जपायला हवे. कंपनीने त्या दिवशी 74 न धरता 73.60 धरला असेल, तर खरेदी किंमतही 73.60नेच मोजायची. स्वतः शोधून काढलेला दर तिथे लावला की दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

विक्रीचा दर कोणता, याचे उत्तर 1962च्या आयकर नियमांतल्या नियम 115मध्ये आहे. भारतीय स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे परदेशातून तारेने आलेले चलन बँक ज्या दराने विकत घेते तो दर घ्यायचा. तोही विक्रीच्या दिवसाचा नव्हे, तर विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. म्हणून 18 ऑक्टोबरच्या विक्रीला 30 सप्टेंबर 2024चा दर लागतो. लाभांशालाही आधीच्या महिनाअखेरचा दर असतो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला मात्र 31 मार्चचा दर लागतो, पण त्याआधीच पैसे रीतसर भारतात आणलेले असतील तर प्रत्यक्ष मिळालेले रुपयेच धरायचे. परदेशी ग्राहकांकडून महिन्याच्या महिन्याला डॉलर मागवणाऱ्या अनुवादकाला किंवा चित्रकाराला ही तरतूद मोठा दिलासा आहे, कारण त्याचा हिशेब बँकेच्या पासबुकातच तयार असतो.

चूक बहुतेक वेळा दराच्या रकान्यात होते. स्टेट बँकेच्या पत्रकात टीटीचा खरेदी दर, विक्री दर, बिलांचे दर, नोटांचे दर असे शेजारी शेजारी छापलेले असतात. इंटरनेटवर चटकन दिसणारा दर तर यांपैकी कोणताच नसतो, तो बाजाराचा मधला भाव असतो. महिनाअखेर सुट्टी आली की आणखी एक पेच पडतो. 31 मार्च 2024 हा रविवार होता. अशा वेळी आधीच्या ज्या कामाच्या दिवसाचे पत्रक निघाले असेल त्याचा दर घ्यायचा आणि तारीख हिशेबात लिहून ठेवायची, अशी सनदी लेखापालांची रीत आहे.

अभियंता बाईंची गोष्ट विक्रीपाशी संपत नाही. विक्रीचे 5,000 डॉलर अमेरिकी खात्यात पडून राहिले आणि जानेवारीत 85च्या दराने पुण्याच्या बँकेत आले, तर आणखी 10,000 रुपये वाढले. त्यांचे काय करायचे? इथे लेखापालांत एकमत नाही. न्यायालयांचा आधार आहे तो सतलज कॉटन मिल्सच्या 1979च्या निकालाचा. या कंपनीची एक गिरणी पश्चिम पाकिस्तानात होती. 1955मध्ये पाकिस्तानने आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले आणि तिथला नफा भारतात आणताना कंपनीला तोटा झाला. सर्वोच्च न्यायालयाने सूत्र घालून दिले की परकी चलन व्यापारातले खेळते भांडवल म्हणून हाती असेल, तर दराचा नफातोटा धंद्याचा, आणि भांडवली मालमत्ता म्हणून असेल तर भांडवली. साध्या नोकरदाराच्या खात्यात पडून राहिलेले डॉलर दुसऱ्या गटाच्या जवळ जातात. ते 10,000 रुपये सावधपणे भांडवली नफ्यात दाखवणारे आहेत, तसेच वेगळे मत देणारेही. डॉलर खात्यात कधी आले आणि बँकेने कधी, कोणत्या दराने रुपये केले, हे मात्र कोणतीही बाजू घेतली तरी सिद्ध करता यायलाच हवे.

अमेरिकेत लाभांशातून कापलेल्या कराची वजावट इथे हवी असेल तर फॉर्म 67 भरावा लागतो. त्या कराचे रुपये करतानाही कर कापल्याच्या आधीच्या महिनाअखेरचा दर लागतो. म्हणजे वर्षात चार लाभांश आले तर चार पत्रके.

1 एप्रिल 2026पासून 2025चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने पुढच्या विक्रीसाठी कलमे नव्या क्रमांकांनी पाहावी लागतील. वरचा हिशेब 2024-25 या आर्थिक वर्षातल्या विक्रीचा आहे.

स्टेट बँकेचे पत्रक रोज बदलते आणि जुन्या तारखेचे मिळवताना करदात्यांना खासगी संग्रह धुंडाळावे लागतात. म्हणून महिनाअखेरचे पत्रक त्याच दिवशी उतरवून घ्यावे, त्याच्यासोबत दलालाची विक्रीपावती, कंपनीचे लाभपत्रक आणि बँकेची रक्कम आल्याची सूचना एका फोल्डरमध्ये ठेवावी. आणि आयकर खात्याने, ज्या अर्थी त्यानेच एका बँकेचा एक दर बांधून दिला आहे, त्या दराची वर्षावार यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवावी.