कारखान्याची वही, भाग 7 : आधी कोणता ड्रम उघडला?

ऑक्टोबर 2025 मध्ये ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाच्या एसआर-13 या बॅचमध्ये 48.6 टक्के डायथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे विष मूत्रपिंड निकामी करतं. मध्य प्रदेशात वीसहून अधिक लहान मुलं दगावली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानंही त्या बॅचचा वापर ताबडतोब थांबवण्याचं आवाहन केलं. मुंबईनं हे विष त्याआधीही पाहिलं आहे. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉल दिलं गेलं आणि 14 रुग्ण मृत्युमुखी पडले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला.

अशा वेळी बाजारातून माल परत बोलावावा लागतो आणि पहिला प्रश्न येतो तो ‘कोणत्या बॅच?’ हा. गेल्या भागात आपण ईआरपीत साठ्याची नोंद कशी होते ते पाहिलं. आज त्याच नोंदींतून लॉटचा माग कसा काढतात ते बघू. बहुतेक कारखान्यांत ईआरपी या प्रश्नाचं उत्तर काही मिनिटांत देते. ते उत्तर खरं असेलच असं मात्र नाही, आणि ते कुठे चुकतं हे समजावं म्हणून आज एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो.

समजा, औषधी सिरप बनवणारा एक कारखाना आहे. त्यात लागणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल 215 किलोच्या ड्रममधून येतं. एका ट्रकमधून पाच ड्रम आले. पुरवठादाराच्या लेबलावर तीन ड्रमचा लॉट एक आणि उरलेल्या दोन ड्रमचा दुसरा. पहिल्याला ‘क’ म्हणू, दुसऱ्याला ‘ख’. म्हणजे क 645 किलो आणि ख 430 किलो.

पहिली कसोटी इथे, गेटवरच लागते. चलन एक, बिल एक, ट्रक एक, म्हणून स्टोअरवाले पुष्कळदा पाचही ड्रमची मिळून एकच माल-आवक नोंद करतात आणि एकच आतला लॉट क्रमांक देतात. त्या क्षणी क आणि ख मधला फरक कारखान्याच्या स्मृतीतून पुसला जातो. पुढे ख दूषित निघाला तर हा माल ज्या ज्या बॅचमध्ये गेला त्या सगळ्या परत मागवाव्या लागतात, कारण वेगळं काढण्याचं साधनच उरलेलं नसतं. म्हणून एका पुरवठादार-लॉटला एक आतला लॉट क्रमांक, आणि पुरवठादाराचा मूळ क्रमांक त्याच नोंदीतल्या वेगळ्या रकान्यात. आपल्या कारखान्यानं हे नीट केलं असं धरू. चूक दुसरीकडे झाली: प्रत्येक ड्रममधून नमुना घेऊन डायथिलीन ग्लायकॉलची चाचणी करायची सोडून त्यांनी पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवली.

सिरपची एक बॅच 1,000 लिटरची, आणि तिला 100 किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल लागतं. या मालातून दहा बॅच झाल्या. प्रत्येकीत 100 मिलिच्या साधारण 9,800 बाटल्या भरल्या. महिनाभरानं पुरवठादाराचं पत्र आलं की लॉट ख दूषित आहे.

गुणवत्ता विभागानं ईआरपीत ख चा क्रमांक टाकला. सॅपमध्ये यासाठी MB56 हा व्यवहार आहे. इतर प्रणालींतही असाच ‘हा लॉट कुठे वापरला’ सांगणारा अहवाल असतो. त्यामागची रचना सोपी आहे. कच्चा माल उत्पादन-आदेशावर दिला की एक नोंद होते, त्याच आदेशावर तयार माल आला की दुसरी, आणि दोन्ही नोंदींवर लॉट क्रमांक असतात. आदेश हा दोघांमधला सांधा. कच्च्या लॉटकडून तयार बॅचकडे आणि तिथून डिलिव्हरीमार्गे गिऱ्हाइकाकडे गेलं की पुढचा माग, आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीतल्या बाटलीकडून उलटं कच्च्या लॉटपर्यंत आलं की मागचा माग.

अहवालानं उत्तर दिलं: बॅच 7, 8, 9 आणि 10. हिशेब पटण्यासारखा होता. क चे 645 किलो पहिल्या सहा बॅचना पुरले, 45 उरले. सातव्या बॅचला ते 45 आणि ख चे 55 गेले. आठ, नऊ, दहा या पूर्णपणे ख च्या. एकूण ख वापरला 355 किलो, शिल्लक 75. स्टोअरमध्ये जाऊन वजन केलं तर ख चे बरोबर 75 किलो भरले. एक किलोचाही फरक नाही. चार बॅचच्या परतीचा आदेश निघाला.

हे उत्तर चुकीचं होतं.

प्रत्यक्षात काय घडलं होतं ते पाहा. तिसऱ्या बॅचच्या वेळी क चे ड्रम मागे होते आणि ख चा एक ड्रम दाराशी. वजन करणाऱ्यानं तोच उघडला. तिसऱ्या आणि चौथ्या बॅचला त्यातून शंभर-शंभर किलो गेले, तळाशी 15 उरले. मग क चे ड्रम पुढे आले. पाच ते आठ या बॅच क वर झाल्या. नवव्या बॅचला क चे शेवटचे 45 आणि ख च्या दुसऱ्या ड्रममधले 55, दहावीला ख चे 100. आता बेरीज करा: 200 अधिक 55 अधिक 100, म्हणजे 355. शिल्लक 75. एकूण आकडे तेच, पण दूषित बॅच 3, 4, 9 आणि 10. सात आणि आठ विनाकारण परत आल्या, आणि तीन व चारच्या 19,600 बाटल्या दुकानांत तशाच राहिल्या.

ईआरपीनं खोटं का सांगितलं? कारण कोणता ड्रम उघडला हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बॅच पूर्ण झाली की सूत्रानुसार लागणारा कच्चा माल आपोआप वजा करायचा, या पद्धतीला बॅकफ्लश म्हणतात. किती वजा करायचं हे सूत्रावरून कळतं. कोणत्या लॉटमधून, हे प्रणाली ठरलेल्या नियमानं निवडते: आधी आलेला आधी, किंवा मुदत आधी संपणारा आधी. म्हणजे ‘असं व्हायला हवं होतं’ हे ‘असं झालं’ म्हणून नोंदलं जातं. बोल्ट आणि वॉशरसाठी बॅकफ्लश उत्तम आहे, माणसांची मेहनत वाचवतो. रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या मालासाठी तो वापरणं माझ्या मते अक्षम्य आहे.

मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये उत्पादनाच्या सेटिंग्जमध्ये `Backflush Raw Materials Based On` असा एक पर्याय दिसतो. त्यात `BOM` निवडलं तर वापर सूत्रावरून धरला जातो. `Material Transferred for Manufacture` निवडलं तर त्या आदेशासाठी स्टोअरमधून खरोखर जो माल हलवला, तोच वापरलेला धरला जातो. लॉटच्या मागासाठी दुसरा पर्याय हवा. तोही पुरेसा ठरतो तो हलवताना ड्रमवरचा बारकोड स्कॅन केला तरच. संध्याकाळी कार्यालयात बसून दिवसभराच्या नोंदी भरल्या, तर भरणाराही यादीतला पहिला लॉट निवडून मोकळा होतो, आणि मग बॅकफ्लश बंद करूनही तीच चूक हातानं घडते.

असा घोळ ओळखायचा कसा? एकूण किलो जुळवून नाही, ते तर इथे तंतोतंत जुळले होते. उघडे ड्रम मोजून. प्रणालीच्या हिशेबानं ख चा पहिला ड्रम पूर्ण संपलेला आणि दुसऱ्यात 75 किलो, म्हणजे एकच उघडा ड्रम असायला हवा. स्टोअरमध्ये मात्र दोन उघडे ड्रम होते, एकात 15 आणि एकात 60. वजन करणाऱ्या पथकानं बेरीज लिहिली, ड्रमची संख्या लिहिली नाही. म्हणून लॉटच्या खाली प्रत्येक ड्रमलाही स्वतःचा क्रमांक द्यावा आणि वजनाची नोंद त्या क्रमांकावर व्हावी. बॅचच्या कागदावर वजनकाट्याची छापील चिठ्ठी जोडलेली असेल, तर तिच्यावरची तारीख-वेळ आणि ईआरपीतली नोंदवेळ ताडून पाहावी. दहा बॅचच्या नोंदी एकाच संध्याकाळी दहा मिनिटांत पडलेल्या दिसल्या, तर त्या लॉट क्रमांकांवर विसंबू नये.

संशयित बॅच नक्की झाल्या की पुढचा माग तुलनेनं सरळ असतो. बॅच 9 घ्या. 9,800 पैकी 8,640 बाटल्या सहा स्टॉकिस्टांना गेल्या, 1,100 गोदामात, 60 नमुने म्हणून राखलेल्या. बेरीज जुळली. गोदामातला माल त्याच क्षणी प्रणालीत अडवायचा, म्हणजे कुणी चुकून बिल बनवू शकणार नाही. अडचण येते ती परत आलेल्या मालाची. फुटका किंवा न खपलेला माल क्रेडिट नोटवर येतो, आणि त्यावर बॅच लिहिलेली नसेल तर तो भलत्याच बॅचच्या नावे जमा होतो.

स्टॉकिस्टच्या पुढे कारखान्याची ईआरपी आंधळी असते. त्याच्याकडून कोणत्या केमिस्टकडे किती गेलं, हे त्याच्याच संगणकातून काढावं लागतं. औषधांच्या बिलावर बॅच क्रमांक असतो (आपल्या मेडिकलच्या बिलावर पाहा, दिसेल), त्यामुळे हा माग निघू शकतो, पण सहा ठिकाणांहून सहा वेगळे अहवाल मागवून. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार जिवाला धोका असलेल्या पहिल्या वर्गातल्या मालाची परती 24 ते कमाल 72 तासांत पूर्ण व्हायला हवी. त्यातला एक दिवस बॅच ठरवण्यातच गेला, तर बाटल्या गोळा करायला काय उरतं?

प्रत्येक बाटलीला वेगळा अनुक्रमांक असता तर? युरोपीय संघात फेब्रुवारी 2019 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर तसा क्रमांक असतो आणि दुकानात तो पडताळला जातो. आपल्याकडे ऑगस्ट 2023 पासून 300 ठरावीक ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादकाचं नाव मिळतं. माग मात्र बॅचपर्यंतच जातो. अनुक्रमांकानं ‘ही बाटली कुठे गेली’ हे अचूक कळतं. ‘या बाटलीत कोणत्या ड्रममधलं द्रव आहे’ हे त्यानं कळत नाही, कारण 1,000 लिटरच्या टाकीत सगळं एकजीव झालेलं असतं. तिसऱ्या बॅचच्या प्रत्येक बाटलीवर अनुक्रमांक असता, तरी ती बॅच यादीत आलीच नसती.

त्यामुळे परतीची रंगीत तालीम करताना सुरुवात तयार बॅचपासून करू नये. बहुतेक कारखाने लेखापरीक्षकासमोर एखादी तयार बॅच निवडतात, गिऱ्हाइकांची यादी काढतात आणि तालीम यशस्वी झाली म्हणतात. त्याऐवजी स्टोअरमधला एखादा अर्धा वापरलेला ड्रम निवडावा. त्यातून गेलेला माल कोणकोणत्या बॅचमध्ये आहे ते ईआरपीला विचारावं, मग त्या बॅचचे हाताने भरलेले कागद आणि वजनाच्या चिठ्ठ्या काढून ताडून पाहावं. शेवटी ड्रम काट्यावर ठेवावा. प्रणाली सांगते तेवढं द्रव त्याच ड्रममध्ये भरलं, तर तालमीचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे स्टॉकिस्टांना फोन, सुरू करायला हरकत नाही.

पुढच्या भागात : परत आलेला माल, त्याचं वेगळं गोदाम आणि नष्ट करतानाच्या नोंदी.